एकशब्दी प्रश्न: मागच्या मेसेजवरून विषय आणि इयत्ता ओळखण्याच्या नोंदी

३ जून

काम असं आहे. विद्यार्थी शंका मेसेजवर पाठवतात. शिक्षकांनी आधीच लिहून ठेवलेली टिपणं आहेत, प्रत्येक टिपणावर विषय, घटक आणि इयत्ता लिहिलेली आहे. प्रोग्रॅमने मेसेज वाचून योग्य टिपण काढून द्यायचं. पूर्ण वाक्य आलं की हे बरं चालतं. "बेडकाच्या हृदयात किती कप्पे असतात" यात गोंधळाला जागा नाही. अडतं ते एकाच शब्दाचा मेसेज आला की. "मूळ." "पद." "केंद्रक." "कार्य." बस, एवढंच.

हे शब्द चुकीचे नाहीत, मुलाच्या डोक्यात अर्थ पक्का असतो. पुस्तक समोर उघडं असतं, त्यामुळे बाकीचं सांगायची गरज आहे असं त्याला वाटतच नाही. आपल्याकडे मात्र पुस्तक नसतं. असतात ते फक्त त्याचे आधीचे मेसेज.

आज शब्दकोशाची फाइल सुरू केली. प्रत्येक शब्दापुढे त्याचे शालेय अर्थ: "मूळ" म्हणजे वनस्पतीचं मूळ किंवा समीकरणाचं, संख्येचं मूळ. "पद" म्हणजे श्रेढीतलं पद, बहुपदीतलं पद किंवा समासातलं पद. ज्या शब्दाला एकच अर्थ आहे (परागीभवन, अपवर्तन) तिथे मागे बघायचंच नाही, थेट टिपण. हा नियम पहिल्या दिवशीच लिहून टाकला. तास-दीड तास गणिताचे प्रश्न विचारून मुलगा एकदम "अपवर्तन" म्हणाला तर इतिहास कितीही गणिती असो, उत्तर प्रकाशाचंच.

५ जून

पहिली पद्धत सगळ्यात सोपी: लगेच आधीचा मेसेज ज्या घटकाचा, एकशब्दी मेसेजही त्याच घटकाचा. अर्ध्या दिवसात बाद झाली. लगेच आधीचा मेसेज बहुतेक वेळा "ok", "हो सर", "कळलं" किंवा नुसता अंगठा असतो. त्यात घटकच नाही, मग प्रोग्रॅम हात वर करतो.

ज्या मेसेजमध्ये एकही शालेय शब्द नाही ते वगळले. आता शेवटचा *अर्थपूर्ण* मेसेज धरला जातो. तेवढ्यानेही भागत नाही, कारण मुलं मध्येच दुसऱ्या विषयात डोकावतात आणि परत येतात. श्रेढीचे चार प्रश्न, मध्ये एक "हरितद्रव्य", मग "पद". या "पद"ला वनस्पतिशास्त्रात अर्थच नाही, म्हणून हे प्रकरण शब्दकोशाने वाचवलं. दर वेळी वाचवेल असं नाही.

९ जून

आता सगळे अर्थपूर्ण मेसेज मोजायचे, पण जुन्याचं वजन कमी. एक पाऊल मागे ०.६, दोन पावलं मागे त्याच्या ०.६ पट म्हणजे ०.३६, तिसरं ०.२१६. ०.६ हा आकडा हाताने निवडला आहे. ०.८ ठेवला तर प्रोग्रॅम जुन्या विषयाला चिकटून बसतो, ०.३ ठेवला तर पुन्हा शेवटच्या मेसेजच्या भरवशावर येतो.

चाचणीसाठी हा संवाद घेतला:

पहिल्या संध्याकाळी:
"नववीचं आहे, बहुपदीची कोटी कशी काढायची"
"x चा सहगुणक म्हणजे"
"ok कळलं"

दुसऱ्या संध्याकाळी:
"परागीभवन"
"मूळ"

वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे वनस्पतीचं मूळ. प्रोग्रॅमचा हिशेब: वनस्पती ०.६०. बीजगणित ०.३६ + ०.२१६ = ०.५७६. जवळजवळ बरोबरी. आदल्या संध्याकाळचे दोन मेसेज मिळून आजच्या एकाला खेटून उभे आहेत. पावलं मोजली, पण घड्याळ पाहिलंच नाही हा यातला दोष.

दोन मेसेजमध्ये ४५ मिनिटांहून जास्त खंड पडला तर त्याच्या पलीकडच्या सगळ्याचं वजन पाचव्या हिश्शावर आणलं. प्रत्येक खंडाला पुन्हा पाचवा हिस्सा.

```python
score = {}
k, f, later = 0, 1.0, now
for m in reversed(history):
    if later - m.time > 45 * 60:
        f *= 0.2
    later = m.time
    if not m.topics:
        continue
    k += 1
    for t in m.topics:
        score[t] = score.get(t, 0) + f * 0.6 ** k
```

आता बीजगणित ०.०७२ + ०.०४३ = ०.११५. वनस्पती ०.६० वर कायम. फरक स्पष्ट.

एक बारकावा: "ok कळलं" वगळलं तरी त्याची वेळ वगळायची नाही. `later = m.time` ही ओळ `continue` च्या खाली गेली तर खंड चुकीचा मोजला जातो. मुलगा वीस-वीस मिनिटांनी नुसतं "हो", "हम्म" करत बसलेला असतो, म्हणजे बैठक चालूच आहे, आणि प्रोग्रॅम समजतो की तो उठून गेला.

१० जून

कालच्या आनंदावर पाणी. निवड करताना मी गुण नाही, वाटा पाहत होतो: एका अर्थाचे गुण भागिले सगळ्या अर्थांचे गुण, आणि तो ०.७५ च्या वर असला की टिपण द्यायचं. पण समजा मुलगा दुसऱ्या संध्याकाळी "परागीभवन" न विचारता थेट "मूळ" म्हणाला. मागे फक्त कालचं बीजगणित आहे. गुण ०.१२ + ०.०७२ = ०.१९२, म्हणजे पुरावा अगदी फिका. तरी वाटा शंभर टक्के, कारण समोर दुसरं कोणीच नाही. पाचव्या हिश्शाची कात्री भागाकारात वर-खाली दोन्हीकडे लागते आणि उडून जाते.

तोडगा: शब्दकोशातल्या प्रत्येक अर्थाला सुरुवातीलाच ०.१ गुण द्यायचे. आम्ही त्याला "संशयाचे गुण" म्हणतो.

पहिलं उदाहरण: वनस्पती ०.७०, बीजगणित ०.२१५, वाटा ०.७६. टिपण जातं.
दुसरं उदाहरण: बीजगणित ०.२९२, वनस्पती ०.१, वाटा ०.७४. टिपण जात नाही, विचारावं लागतं.

दोन्ही काठावर आहेत, आणि ते बरंच आहे. माणसालाही इथे खात्री नसते. चालू बैठकीत मागे एकच स्पष्ट मेसेज असेल आणि शब्दाला दोन अर्थ असतील तर वाटा ०.८७५ येतो, तिथे प्रोग्रॅम बेधडक उत्तर देतो.

१४ जून

विज्ञानाच्या सरांनी एक संवाद दाखवला, आणि त्यावर काल आणि आज असा सगळा वेळ गेला.

मुलीने सुरुवातच "केंद्रक" अशी केली. मागे काही नाही. त्या वेळी विचारण्याची सोय झालेली नव्हती, म्हणून प्रोग्रॅमने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि पेशीच्या केंद्रकाचं टिपण पाठवलं. तिने लिहिलं "प्रोटॉन". याला एकच अर्थ, अणूचं टिपण बरोबर गेलं. मग ती म्हणाली "कवच". इलेक्ट्रॉनचं कवच, आणखी काय? प्रोग्रॅमने मृदुकाय प्राण्यांच्या कवचाचं टिपण पाठवलं.

कारण शोधायला वेळ लागला, सापडलं तेव्हा साधं होतं. `history` मध्ये मुलीचे मेसेज आणि आम्ही पाठवलेली टिपणं दोन्ही येत होती. पेशीचं टिपण लांबलचक, त्यात पेशीपटल, गुणसूत्र, प्राणी, वनस्पती असे ढीगभर शब्द. अणूचं टिपण चार ओळींचं. एक चुकीचा अंदाज गेला, आणि त्या अंदाजाचेच शब्द पुढच्या अंदाजाला पुरावा म्हणून उभे राहिले. मुलीने पेशीबद्दल एक अक्षरही विचारलं नव्हतं.

आमची टिपणं इतिहासातून काढून टाकली. "कवच" लगेच अणूकडे गेलं.

हे प्रकरण आणखी एका गोष्टीमुळे महत्त्वाचं. पेशीचं केंद्रक आणि अणूचं केंद्रक दोन्ही विज्ञानच. नुसता "विषय: विज्ञान" असा शिक्का मारला असता तर प्रोग्रॅम कागदावर बरोबर ठरला असता आणि मुलीला मात्र गोगलगाय मिळाली असती. म्हणूनच विषयाऐवजी घटक मोजतो. विषय त्यावरून आपोआप निघतो.

१६ जून

टिपणं सरसकट काढणंही टिकलं नाही. मुलगा "आम्ल" विचारतो, टिपण जातं, त्यात "उदासिनीकरण" आणि "दर्शक" हे शब्द आहेत. तो लिहितो "दर्शक". त्याने तो शब्द आमच्याच टिपणातून उचलला आहे! व्याकरणात दर्शक सर्वनामंही असतात, पण इथे तो प्रश्नच नाही.

म्हणून टिपणाला एकच काम ठेवलं: आलेला शब्द शेवटच्या टिपणात जसाच्या तसा असेल तर त्या टिपणाचा घटक घ्यायचा, हिशेब करायचाच नाही. नसेल तर टिपण इतिहासात अजिबात धरायचं नाही. अपवाद एकच, मध्ये "नाही", "हे नाही", "दुसरं" असं काही आलं असेल तर ते टिपण नाकारलेलं समजायचं आणि त्यातला शब्दही पुरावा मानायचा नाही.

२१ जून

इयत्तेकडे वळलो. मी ती घटकासारखीच चालवत होतो, तेच वजन, तोच खंड. पहिल्याच तपासणीत गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलगा रात्रीतून विषय बदलतो, इयत्ता कशी बदलेल?" बरोबर आहे. वरच्या संवादात "नववीचं आहे" हे आदल्या दिवशीचं वाक्य बीजगणिताबरोबर फिकं पडत होतं. खरं तर घटक विरला तरी नववी जशीच्या तशी राहायला हवी.

दोन वेगळी घड्याळं केली. घटकाचं घड्याळ मिनिटांचं. इयत्तेचं घड्याळ शैक्षणिक वर्षाचं: एकदा सांगितलेली इयत्ता नवीन वर्ष सुरू होईपर्यंत किंवा मुलगा स्वतः वेगळं सांगेपर्यंत पक्की. नवीन वर्षाला ती आपोआप एकाने वाढवत नाही, पुसून टाकतो. वाढवून चुकण्यापेक्षा पुन्हा विचारलेलं बरं.

२३ जून

सांगितलेली इयत्ता मेसेजमधून काढणं सोपं वाटलं होतं. `\bसातवी\b` असा पॅटर्न लिहिला आणि निकाल बरोबर उलटा आला. "सातवीत आहे" यात सापडतो, "इयत्ता सातवी" यात सापडत नाही.

पायथनच्या `re` मध्ये `\w` अक्षरं ओळखतो, पण काना-मात्रा-वेलांटी त्याच्या लेखी अक्षर नाही. "सातवी" संपते वेलांटीवर. तिच्यापुढे जागा किंवा मेसेजचा शेवट असला तर दोन्ही बाजू "अक्षर नसलेल्या", म्हणून `\b` ला सीमा दिसत नाही. पुढे "त" असला तर वेलांटी आणि "त" यांच्यामध्ये त्याला सीमा दिसते. देवनागरीत `\b` वापरायचंच नाही असं ठरवलं. मेसेज मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडतो आणि तुकडे जुळवतो.

ते सुटल्यावर दुसरा प्रश्न. "सातवी संख्या कोणती", "दहावी ओळ समजली नाही". इथे इयत्तेचा संबंध नाही, तरी मुलाच्या नावापुढे सातवी चिकटली. उपाय भाषेतच सापडला. क्रमवाचक शब्द विशेषण म्हणून आला की प्रत्यय नामाला लागतो आणि विशेषणाचं "सातव्या" होतं: "सातव्या संख्येला", "दहाव्या ओळीत". इयत्ता असेल तर प्रत्यय थेट त्याच शब्दाला लागतो: "सातवीत", "सातवीचं", "सातवीला". तेव्हा नियम असा:

```python
SUF = ("त", "ला", "चा", "ची", "चे", "चं", "च्या", "तला", "तली")

def says_class(tok, prev, base):      # base = "सातवी"
    if tok == base:
        return prev == "इयत्ता"
    return tok.startswith(base) and tok[len(base):] in SUF
```

"सातवी संख्या" आता गळते. पाचवी ते दहावीला हे चोख चालतं. पहिली ते चौथीला नाही, कारण "दुसरीचं उत्तर सांगा" म्हणजे दुसऱ्या आकृतीचंही असू शकतं. तिथे "इयत्ता" शब्द किंवा "मी" सोबत असल्याशिवाय धरत नाही. "मी" आणखी एका कारणासाठी बघतो. "भावाचं सहावीचं आहे" यातली सहावी त्या बैठकीपुरती, नोंदीत कायमची नाही.

२७ जून

इयत्ता सांगितलीच नसेल तर? मुलाने आधी वापरलेल्या शब्दांवरून अंदाज. शब्दकोशात प्रत्येक अर्थापुढे तो आमच्या पाठ्यक्रमात पहिल्यांदा कुठल्या इयत्तेत येतो ते लिहिलं आणि मागच्या शब्दांची सरासरी काढली. सरासरीने सगळ्यांना खाली ओढलं. दहावीचा मुलगाही "बल", "वेग", "वस्तुमान" म्हणतोच, आणि हे शब्द लहान वर्गांपासून येतात. त्याच्या एका "संवेग"ला तीन साध्या शब्दांनी सहावी-सातवीत नेऊन बसवलं.

शब्द इयत्ता सांगत नाही, फक्त तळ सांगतो: याच्या खाली हा मुलगा बहुधा नाही. म्हणून सरासरी काढून टाकली, त्याच घटकातल्या शब्दांचा सगळ्यात वरचा तळ घेतला.

हेही अर्धंच खरं. "संवेग म्हणजे काय" विचारणारा आणि "संवेग काढला पण एकक चुकतंय" म्हणणारा हे दोघे एका पायरीवर नाहीत. दुसरा तो शब्द वापरतो आहे, तळ पक्का. पहिल्याने तो कुठेतरी ऐकला असेल, मोठ्या बहिणीच्या वहीत पाहिला असेल. आता "म्हणजे काय", "कशाला म्हणतात" यांच्याबरोबर आलेला शब्द आणि नुसता एकटा आलेला शब्द तळासाठी धरत नाही. म्हणजे ज्या एकशब्दी मेसेजचा प्रश्न सोडवायचा, तो स्वतः इयत्तेचा पुरावा देत नाही. तो आधीच्या वाक्यांकडूनच मिळवावा लागतो.

तळ आणि सांगितलेली इयत्ता यांत भांडण झालं तर सांगितलेली जिंकते. दोन्ही नसतील तर सगळ्यात खालच्या इयत्तेचं टिपण जातं आणि शेवटी "पुढचं हवं असेल तर *पुढे* लिहा" एवढी ओळ. दहावीच्या मुलाला सोपं टिपण मिळालं तर तो वैतागून "पुढे" लिहितो. सहावीच्या मुलाला अवघड मिळालं तर तो काहीच लिहीत नाही, निघून जातो.

१ जुलै

विचारण्याची सोय. पहिल्या रूपात "कोणता विषय? कोणती इयत्ता?" असं होतं. उत्तरं येत ती "पुस्तकातला", "आजचा", किंवा तोच शब्द पुन्हा, या वेळी दोन प्रश्नचिन्हांसह. आता फक्त अर्थ समोर ठेवतो:

मूळ
1 झाडाचं मूळ
2 समीकरणाचं किंवा संख्येचं मूळ

इयत्ता इथे विचारतच नाही. एका वेळी एकच प्रश्न. दोनापेक्षा जास्त अर्थ असतील तर सगळ्यात जास्त गुणांचे दोन आणि तिसरा "दुसरं काही".

चालू केल्याबरोबर अडलं: मुलाने "2" लिहिलं, आणि हासुद्धा एकशब्दी मेसेजच की! प्रोग्रॅमने त्याचा मागचा इतिहास काढला आणि सम संख्यांचं टिपण पाठवलं. आता प्रश्न विचारलेला असेल तर पुढचा मेसेज आधी त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तपासतो. "2", "२", "दोन", "दुसरं", "समीकरणाचं" सगळं चालतं. यातलं काहीच जुळलं नाही तर प्रलंबित प्रश्न सोडून देतो. मुलगा पुढे गेलेला असतो, त्याला मागे ओढण्यात अर्थ नाही.

निवडलेला अर्थ इतिहासात त्या "मूळ" शब्दाला जोडून ठेवतो. नाहीतर पुढच्या शब्दासाठी "मूळ" पुन्हा दोन्ही घटकांना गुण वाटत बसतो.

६ जुलै

तपासणीचा संच तयार. जुन्या संवादांतून नावं, नंबर काढून टाकले, एकशब्दी मेसेज निवडले, आणि गणिताच्या बाई व विज्ञानाचे सर यांनी एकमेकांचं न बघता प्रत्येकाला घटक दिला. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात वेळखाऊ ठरलं.

जिथे दोघांचं जमलं नाही ते मेसेज आधी मी बाजूला काढणार होतो. तसं केलं असतं तर प्रोग्रॅम उगाच हुशार दिसला असता. ते ठेवले, आणि त्यांच्यापुढे बरोबर उत्तर म्हणून "विचारा" असं लिहिलं. दोन शिक्षक मागचे मेसेज वाचूनही वेगवेगळं म्हणत असतील तर तिथे प्रोग्रॅमने ठामपणे टिपण देणं हीच चूक धरायची. ०.७५ ची रेषा यावरच घासून पाहिली. खाली आणली तर अशा मेसेजना ठोकून उत्तरं जाऊ लागतात. वर नेली तर स्पष्ट मेसेजवरही प्रोग्रॅम विचारत बसतो, आणि मुलं चिडतात.

९ जुलै

उरलेलं. एका फोनवरून शिक्षिका लिहितात, सकाळी सहावीच्या तासासाठी "मूळ", दुपारी दहावीसाठी "मूळ". कोणाची इयत्ता धरायची? सध्या एका आठवड्यात दोन वेगळ्या इयत्ता ठामपणे सांगितलेल्या दिसल्या की त्या फोनसाठी इयत्तेचं घड्याळही मिनिटांचं करतो, घटकासारखं. भावंडांच्या फोनला हे लागू पडतं. शिक्षिकांना दुपारी एकदा इयत्ता सांगावी लागते, आणि त्यांची त्याला हरकत दिसत नाही.

रोमन लिपीतले मेसेज अजून हाताळलेले नाहीत. `mul` म्हणजे मूळ, मूल की मुलं हे मागचे मेसेज ठरवू शकतील, पण त्यासाठी शब्दकोशात रोमन रूपं घालावी लागतील. पुढच्या आठवड्यात ते.